मखमलीचा ठसा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत बी.एड.च्या वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. ती आता पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत, बाहेरून येणाऱ्या लोकांना विज्ञान समजावून सांगणाऱ्या विभागात काम करते. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, त्यांची संस्था सगळ्यांसाठी खुली असते. शाळेची मुलं येतात, निवृत्त मंडळी येतात, बचत गटाच्या बायका टेम्पो करून येतात. "अगं, तीन मिनिटांची अॅनिमेशन फिल्म करायचीय," ती म्हणाली. "मराठीत आणि उर्दूत. मागच्या वर्षी उर्दू शाळेची पोरं आली होती, पोस्टरांसमोर उभी राहून परत गेली. तुला दोन्ही येतं. फक्त भाषांतर करून दे."

विषय होता, अँटिबायोटिक औषधं लागू पडेनाशी का होतात.

दुसरा कुठला विषय असता तर मी वार्षिक परीक्षेच्या पेपर सेटिंगचं कारण सांगून सुटले असते. पण तीन वर्षांपूर्वी अम्मीला लघवीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ताप उतरेना, म्हणून लघवी कल्चरला पाठवली. दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला. औषधांच्या नावांची लांबलचक यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर, 'एस' किंवा 'आर'. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. अम्मीच्या कागदावर वरून खालपर्यंत 'आर'ची रांग होती, 'एस' तेवढे तीन-चार. शेवटी रोज सुई घ्यावी लागली. घरात सगळ्यांनी एकच निदान केलं, अम्मीला गोळ्यांची सवय झालीय. भाभी म्हणाली, खाला म्हणाली, मीही म्हणाले. अम्मी काही बोलली नाही, पण त्यानंतर डोकं दुखलं तरी गोळी घेताना ती चोरी केल्यासारखी इकडेतिकडे बघायची.

तेव्हा मी फोनवर हो म्हणाले.

ईमेलवर नऊ पानांचा इंग्रजी मजकूर आला. संस्थेतल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी लिहिलेला, अचूक, आणि तीन मिनिटांत मावणं अशक्य असलेला. मी आधी हिशेब केला. वर्गात धडा वाचताना माझा वेग मिनिटाला साधारण ११५ शब्दांचा असतो. म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशे शब्दांच्या आत. पण पडद्यावर काही घडत असताना बोलणाऱ्यानं थोडं गप्पही बसायला हवं, नाहीतर बघणाऱ्याचे कान चालतात आणि डोळे थांबतात. म्हणजे खरे हातात आले २८० शब्द. एका पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू भरतील, इतकेच.

कागदावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे काय दिसतं ते लिहायचं, उजवीकडे काय ऐकू येतं ते. ही रीत मला अॅनिमेशन करणाऱ्या पोरानं शिकवली. पोरगाच म्हणते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. त्यानं आणखी एक ताकीद दिली, "मॅडम, आवाज रेकॉर्ड झाल्यावर शब्द बदलायचे नाहीत." मला तो हट्ट वाटला. मग त्यानं समजावलं की सेकंदाला २४ चौकटी, तीन मिनिटांच्या ४,३२०, आणि त्या सगळ्या आवाजाच्या लांबीवर बेतलेल्या. मी एका वाक्यात दोन शब्द घातले की पुढची सगळी हालचाल सरकते. म्हणून आधी मजकूर पक्का, मग कच्चा आवाज, मग साध्या पेन्सिल चित्रांची सरकती पट्टी. तिला ते लोक अॅनिमॅटिक म्हणतात. ती लोकांना दाखवून बघायची आणि त्यानंतरच खरं रंगवायला घ्यायचं.

माझा पहिला मसुदा मला स्वतःला फार आवडला होता. शरीर म्हणजे किल्ला, बॅक्टेरिया म्हणजे शत्रू, औषध म्हणजे फौज. फौज येते, शत्रू पडतात, पण काही चिवट शत्रू फौजेचे डावपेच ओळखतात आणि ढाली तयार करतात. पुढच्या वेळी फौज आली की तलवारी ढालींवर आपटून मोडतात. वाक्यं ठसठशीत होती, मोठ्यानं वाचताना जोर चढायचा. पोरानं बॅक्टेरियांना डोळे आणि भुवया काढल्या. औषध येताना दिसलं की त्यांच्या भुवया वर जायच्या, मग ते एकमेकांकडे बघून ढाली घडवायला लागायचे.

शास्त्रज्ञ बाईंनी मसुदा परत पाठवला तेव्हा त्यावर एकच खूण होती. 'बॅक्टेरियांनी ढाल तयार केली' या वाक्यातल्या 'तयार केली'भोवती लाल गोल. खाली लिहिलं होतं, 'कोणी? कधी?'

आठवीच्या वर्गात मी दरवर्षी प्रयोग शिकवते. कर्तरी, कर्मणी, भावे. क्रियापदाला 'कोणी' असं विचारा, कर्ता सापडेल. वीस वर्षं हे फळ्यावर लिहून माझे हात पांढरे झाले, आणि इथे एक विज्ञानवाली बाई मला माझाच धडा विचारत होती. मी फोन केला. त्या म्हणाल्या, "मॅडम, ढाल कोणी तयार करत नाही. बॅक्टेरिया दोनाचे चार होताना जनुकांची नक्कल उतरवतात. नक्कल उतरवताना कधीतरी चूक होते. बहुतेक चुका निरुपयोगी असतात किंवा घातक. एखादी चूक अशी असते की नेमकं ते औषध त्या बॅक्टेरियाला मारू शकत नाही. ही चूक औषध यायच्या आधीच झालेली असते. औषधानं ती घडवलेली नसते. औषध फक्त बाकीच्यांना मारतं."

मला समजलं, असं मला वाटलं. मी 'ढाल तयार केली' काढून 'काहींकडे ढाल होती' असं लिहिलं. डोळे आणि भुवया तशाच राहिल्या. कच्ची फिल्म शाळेत नेऊन आठवीच्या १४ मुलांना दाखवली.

बघून झाल्यावर "समजलं का" असं विचारलं की मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणतात, हे कुठल्याही शिक्षकाला माहीत असतं. म्हणून मी शास्त्रज्ञ बाईंशी ठरवून दोन प्रश्न नेले होते. पहिला, घरी गेल्यावर अम्मीला काय सांगाल? दुसरा, औषध येण्याआधी ते न मरणारे बॅक्टेरिया कुठे होते? पहिल्याची उत्तरं छान आली. दुसऱ्या प्रश्नाला ११ जणांनी लिहिलं होतं की ते आधी नव्हते, औषध बघून तसे झाले. एका मुलीनं लिहिलं, 'ते घाबरले आणि शिकले.'

शब्द बदलले होते, पण चित्र अजूनही जुनीच गोष्ट सांगत होतं. डोळे असलेला प्राणी औषधाकडे बघतो आणि मग वाचतो, एवढं दिसलं की बघणाऱ्याचं मन मधली कडी स्वतः जोडतं. त्यानं बघितलं, त्यानं विचार केला, त्यानं काहीतरी केलं. माझं 'होती' हे बिचारं क्रियापद त्या दोन भुवयांपुढे काय टिकणार? आणि खरं सांगायचं तर आपल्या बोलण्यातही हेच भरलेलं आहे. 'जंतूंना सवय झाली', 'जंतू हुशार झाले', 'जंतू दाद देत नाहीत'. उर्दूतही आपण 'आदी हो गए' म्हणतो. सवय ही ज्याला आठवण असते त्याला लागते. एकेका बॅक्टेरियाच्या बाबतीत असं काही होत नाही. जो औषधानं मरतो तो मरतोच. बदलते ती त्यांची वस्ती, कारण वस्तीत कोण उरलं ते बदलतं.

पोरगा डोळे काढायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं, लहान मुलं डोळ्यांमुळेच थांबतात, नाहीतर पुढच्या टेबलावरच्या मायक्रोस्कोपकडे पळतात. तेही खोटं नव्हतं.

तोडगा शास्त्रज्ञ बाईंनी सुचवला. म्हणाल्या, "तुम्ही युद्ध कशाला दाखवता? हे लोकांना कसं कळलं ते दाखवा ना." आणि त्यांनी मला १९५२ सालचा एक प्रयोग सांगितला. एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या अमेरिकन जोडप्याचा. तो ऐकताना मी डायरीत लिहायचं थांबवलं, नुसती ऐकत राहिले.

तेव्हा शास्त्रज्ञांमध्येही हाच वाद होता. औषध भेटल्यावर बॅक्टेरिया बदलतो, की बदललेला आधीच तिथे असतो? अवघड जागा अशी की कोण वाचतं हे बघायला औषध घालावंच लागतं. औषध घातलं की समोरचा म्हणणार, बघा, औषधामुळेच झाला. मग औषध न दाखवता त्या बॅक्टेरियाला कसं ओळखायचं?

लेडरबर्गांनी काचेच्या बशीत जेलीसारख्या अगारवर बॅक्टेरिया वाढू दिले. औषध अजिबात नाही. कोटींनी बॅक्टेरिया, दुधावरच्या सायीसारखा एक पातळ थर. मग बशीच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक केलेला मखमलीचा तुकडा ताणून बसवला आणि ती बशी त्यावर हलकेच दाबली. मखमलीची लव म्हणजे हजारो बारीक सुया. प्रत्येक जागचे थोडेसे बॅक्टेरिया त्या जागच्या लवेला चिकटले. मग त्याच मखमलीवर एकेक करून नव्या बशा दाबल्या, ज्यांच्या अगारमध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिसळलेलं होतं. शाळेच्या दाखल्यांवर शिक्का मारतो तसं. एकदा शाई घेतली की दोन-तीन कागदांवर तोच ठसा उमटतो.

औषधाच्या बशांवर जवळजवळ सगळं मेलं. पण कुठेकुठे एखादा ठिपका वाढला. आणि ते ठिपके सगळ्या बशांवर त्याच त्याच जागी होते.

औषध भेटल्यावर बॅक्टेरिया नशिबानं किंवा हिकमतीनं बदलत असते, तर एका बशीवर ठिपका इथे आला असता, दुसऱ्या बशीवर तिथे. सगळीकडे तीच जागा याचा अर्थ, मूळ बशीत त्या जागी तसे बॅक्टेरिया आधीच बसलेले होते, औषधाचा वाराही न लागलेले. पुढे लेडरबर्गांनी मूळ बशीतल्या त्याच जागेवरून थोडे उचलले, वाढवले, पुन्हा ठसा घेतला, पुन्हा उचलले. असं करत करत त्यांनी औषधाला न मरणारे बॅक्टेरिया वेगळे काढले, ज्यांच्या साऱ्या वंशानं कधी औषध पाहिलं नव्हतं.

जोशुआ लेडरबर्गना १९५८ साली नोबेल मिळालं, आणखी दोघांसोबत. त्या दोघांत एस्थर नव्हत्या. हे मी फिल्ममध्ये घातलं नाही, २८० शब्दांत जागा नव्हती. इथे जागा आहे म्हणून लिहिते.

या प्रयोगात डोळे नकोत, ढाल नको, फौज नको. एक बशी, एक मखमल, तीन बशा. लहान मुलांना थांबवायला मखमलीवर दाबलेल्या बशीचा तो 'थप्' आवाज पुरला. पोरगा त्यावर खूष झाला आणि त्यानं भुवया निमूटपणे पुसल्या. नव्या मसुद्यात या दृश्याला ७० सेकंद दिले. त्यातले शेवटचे १२ सेकंद बोलणं नाही. तिन्ही बशा पारदर्शक होऊन एकावर एक सरकतात, मग मूळ बशीवर जाऊन बसतात, आणि तिन्हींचे ठिपके एकमेकांत मिसळून एक होतात. त्याच्या आधीचं वाक्य एवढंच, 'जागा बघा.'

आणि इथेच दोनदा घोटाळा झाला.

पहिल्या खेपेला पोरानं ठसे उलटे काढले, आरशातल्यासारखे. त्याचा तर्क बरोबर होता, शिक्का उलटाच असतो. पण इथे ठसा दोनदा उमटतो. बशीवरून मखमलीवर जाताना उलटा, मखमलीवरून नव्या बशीवर येताना पुन्हा सुलटा. हे दुरुस्त झालं तर दुसऱ्या खेपेला दृश्य सुंदर दिसावं म्हणून त्यानं बशा आत येताना थोड्या गरगर फिरवल्या. वाढदिवसाचा केक टेबलावर येतो तशा. मला काही खटकलं नाही. मैत्रिणीलाही नाही. शास्त्रज्ञ बाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. बशी फिरली की 'तीच जागा' म्हणायचं कशाच्या आधारावर? सगळा पुरावा जागेवर उभा, आणि आपणच जागा हलवली. खऱ्या प्रयोगातही बशीच्या आणि ठोकळ्याच्या कडेवर खूण ठेवतात, ती याचसाठी. मग प्रत्येक बशीच्या कडेला, घड्याळात बाराच्या जागी, एक लाल खाच आली. फिल्म संपेपर्यंत ती खाच वरच राहिली. गरगर गेली. पोरगा दोन दिवस नाराज होता.

दुसरी अडचण आकड्याची होती. बशीत न मरणारे किती दाखवायचे? चित्रात शंभर ठिपके काढून त्यातला एक वेगळा रंगवला की बघणाऱ्याला वाटतं शंभरात एक. खरं प्रमाण औषधागणिक आणि बॅक्टेरियागणिक वेगळं, पण कितीतरी विरळ. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनचं उदाहरण शास्त्रज्ञ बाईंनी दिलं. आपोआप झालेल्या बदलामुळे त्याला न मरणारा जंतू साधारण १० कोटींत एक सापडतो. दहा कोटी ठिपके पडद्यावर काढले तर नुसतं राखाडी दिसेल, आणि आवाजात 'दहा कोटी' म्हटलं तर ते कानावरून जातं.

मी घरी तांदूळ निवडायला बसले होते. दहा ग्रॅम तांदूळ काट्यावर तोलून मोजले, साडेचारशेच्या आसपास दाणे भरले. म्हणजे किलोत ४५ हजार. दहा कोटी दाणे म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या घरात. पन्नास किलोची पोती धरली तर चव्वेचाळीस-पंचेचाळीस पोती. किराणा दुकानाच्या मागचं गोदाम, त्यात छतापर्यंत रचलेली पोती, आणि त्या सगळ्यांत मिळून एक काळा दाणा. आठ सेकंदांचं दृश्य. बाईंना आवडलं, पण त्यांनी अट घातली. गोदाम लगेच जायला हवं, कारण तांदळाचा दाणा दोनाचे चार होत नाही. उपमा पडद्यावर जास्त वेळ राहिली की लोक तिच्यातूनच पुढचं सगळं समजून घ्यायला लागतात. म्हणून आठव्या सेकंदाला आपण परत बशीत येतो.

आणि बशीत तो एक दाणा वाढायला लागतो. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा बॅक्टेरिया प्रयोगशाळेत चांगलं खाणं मिळालं की साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार. तीन तास वीस मिनिटांत १,०२४. सात तासांत वीस लाखांच्या वर. शरीरात तो एवढा वेगानं वाढत नाही, म्हणून आम्ही पडद्याच्या कोपऱ्यात 'प्रयोगशाळेत' असा शब्द ठेवला. तो शब्द मी तीनदा काढला होता, सुटसुटीत दिसावं म्हणून. बाईंनी तीनदा परत घातला.

शब्दांचीही ओढाताण झाली. पाठ्यपुस्तकात 'प्रतिजैविक' आहे, 'जिवाणू' आहे, 'विषाणू' आहे. मी भाषेची शिक्षिका, माझा जीव या शब्दांत. पण गर्दीच्या हॉलमध्ये कच्चा आवाज लावून बघितला तर 'जिवाणू' आणि 'विषाणू' यांतला फरक दुसऱ्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. आणि हाच फरक तर महत्त्वाचा, कारण सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक काहीच करत नाही. शेवटी आवाजात 'बॅक्टेरिया', 'व्हायरस' आणि 'अँटिबायोटिक', खालच्या अक्षरांत कंसाशिवाय पाठ्यपुस्तकाचे शब्द. मराठीच्या अभिमान्यांनी मला माफ करावं.

उर्दूत आवाजाला त्रास झाला नाही, अक्षरांना झाला. पोराच्या सॉफ्टवेअरनं उर्दू अक्षरं सुटी करून उलट्या क्रमानं मांडली. त्याला वाचता येत नसल्यामुळे त्याला ती नक्षी छान वाटली. प्रत्येक ओळ मी वेगळीकडे लिहून चित्र म्हणून पाठवली तेव्हा प्रश्न सुटला. आणखी एक गोष्ट माझ्या वर्गातल्या मुलांमुळे कळली. मराठी फिल्ममध्ये मूळ बशी डावीकडे होती आणि औषधाच्या बशा उजवीकडे. उर्दू अक्षरं वाचून मुलांची नजर उजवीकडून सुरू व्हायची, त्यामुळे काहींना औषधाची बशी मूळ वाटली आणि गोष्ट उलटी झाली. दोन फिल्मा वेगळ्या रंगवायला पैसे नव्हते. आम्ही मूळ बशी वर ठेवली आणि बाकीच्या खाली. वरून खाली सगळेच वाचतात.

जे सुटलं तेही सांगते. बॅक्टेरिया एकमेकांना जनुकांची छोटी कडी देऊ शकतात, अगदी वेगळ्या जातीच्या बॅक्टेरियालाही. दवाखान्यांत औषधं निकामी होण्याचं हे फार मोठं कारण आहे. म्हणजे आधीच असलेली एक चूक वाढते, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. बाईंना हे हवंच होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. मी एक वाक्य लिहूनही बघितलं. ते वाक्य आल्यावर चाचणीतली मुलं मखमलीचं दृश्य विसरायला लागली. मग ते फिल्ममधून काढून पडद्याशेजारच्या फलकावर दिलं आणि तिथे बाईंची एक विद्यार्थिनी उभी केली. कोणी विचारलं तर सांगायला.

शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. माझं वाक्य होतं, 'कोर्स पूर्ण करा, नाहीतर अर्धमेले जंतू बळकट होतात.' दवाखान्याच्या भिंतीवर असतं तसं. बाई म्हणाल्या, याच्या दुसऱ्या अर्ध्यात तीच जुनी गोष्ट लपलीय, अर्धमेला उठून पैलवान होतो ती. आणि पहिलं अर्धं सरसकट खरं नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी लिहिलं की बऱ्याच साध्या संसर्गांत गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्यानं प्रतिकार कमी होतो याला पुरावा नाही, उलट शरीरातल्या बाकी बॅक्टेरियांवर औषधाचा ताण वाढतो. पण क्षयरोगात औषध अर्धवट सोडणं घातकच. मग तीन मिनिटांच्या फिल्मनं कोणाला काय सांगायचं? आम्ही लिहिलं, 'अँटिबायोटिक कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं, हे डॉक्टरांना विचारा. घरात उरलेली गोळी कोणाला देऊ नका.' ठसठशीत नाही. पण खोटंही नाही.

नवी कच्ची फिल्म दुसऱ्या तुकडीला दाखवली. ती मुलं वेगळी होती, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही. तोच दुसरा प्रश्न विचारला. १५ पैकी १२ जणांनी लिहिलं की ते आधीपासून तिथेच होते. राहिलेल्या तिघांपैकी एकानं बशीचं चित्र काढून लाल खाच तेवढी दाखवली होती. त्याला मी बरोबर धरलं.

२८ फेब्रुवारीला हॉलमध्ये फिल्म सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत राहिली. लोक मध्येच येतात, मध्येच जातात, हे आम्हाला माहीत होतं, म्हणून प्रत्येक तुकडा एकटाही समजावा असा ठेवला होता. तरी लाउडस्पीकरवरच्या सूचनांनी आवाज दोन-दोन मिनिटांनी बुडत होता. मी मागे उभी राहून लोक कुठे वळतात ते बघत होते. गोदामाच्या दृश्यावर बायका हसायच्या. बशा एकावर एक सरकायला लागल्या की हॉलची चुळबुळ थांबायची.

अम्मीला मी दुपारी आणलं होतं. ती खुर्चीवर बसून फिल्म दोनदा बघत राहिली, एकदा मराठीत, एकदा उर्दूत. मग तिनं पर्समधून तो जुना रिपोर्ट काढला. मला माहीतही नव्हतं की तिनं तो सोबत आणलाय. फलकाजवळच्या विद्यार्थिनीला तिनं विचारलं, "बेटी, ये मेरे अंदर कहाँ से आए थे?"

ती पोरगी पंचवीसेक वर्षांची असेल. तिनं कागद नीट वाचला. म्हणाली, "आजी, ते सांगता येणार नाही. तुम्ही घेतलेल्या औषधांमुळे बाकीचे मरून हे उरले असतील. किंवा हे दुसऱ्या कोणाकडून, पाण्यातून, दवाखान्यातून असेच आले असतील, तुम्ही एकही गोळी न घेता. एका माणसाच्या रिपोर्टवरून ते कळत नाही."

अम्मीनं रिपोर्टाची घडी केली. "मतलब मेरी आदत की वजह से, ये पक्का नहीं," ती म्हणाली.

"नाही, आजी. आणि सवय तर तुमच्या शरीराला लागतच नाही. ते औषधाला दाद न देणारे म्हणजे बॅक्टेरिया, तुम्ही नाही."

बाहेर पडून आम्ही रिक्षात बसलो तर अम्मीनं भाभीला फोन लावला. रिपोर्टाबद्दल काहीच बोलली नाही. मखमलीचं सांगत होती, दुपट्ट्याच्या टोकानं तळहातावर ठसा मारून दाखवत, जणू भाभीला फोनमधून दिसतंय.